आधी अक्षर, मग अर्थ
कात्रणांचा गोषवारा करायला बसलेल्या भाचीला

मुक्ता, गावच्या वाचनालयातली जुनी कात्रणं मोबाइलवर फोटो काढून जपायची आणि प्रत्येकाचा पाच-सहा ओळींचा गोषवारा लिहायचा, हे काम तू अंगावर घेतलंस ते ऐकून फार बरं वाटलं. माझी उमेदीची वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली. बारीक टाइप, पसरलेली शाई आणि घाईत जुळलेली जोडाक्षरं यांच्याशीच माझा रोजचा व्यवहार होता. त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट ही, की बातमी समजली म्हणून ती वाचली असं धरू नकोस. आपला डोळा अक्षर अर्धवट पाहतो आणि उरलेलं अर्थावरून भरतो. रोजच्या वाचनात ते चालतं. गोषवाऱ्यात चालत नाही, कारण चुकीचं भरलेलं अक्षरही वाक्यात छान बसतं आणि पुढे कोणालाच शंका येत नाही. म्हणून कामाचे दोन भाग कर. आधी मथळा, तारखेची ओळ, आकडे आणि नावं जशी छापली आहेत तशी उतरवून काढ. त्यानंतरच मजकूर आवरायला घे. दोन्ही एकदम करायला गेलीस तर हातून सफाईदार मराठी उतरेल, पण बातमी बदललेली असेल.

फोटोबद्दल थोडंच सांगतो. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची शाई पुढे उमटते आणि अनुस्वार नसलेल्या जागी अनुस्वार दिसतो. कात्रणाखाली काळा कागद ठेवलास की हे बरंच कमी होतं. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूने येऊ दे, मोबाइल कागदाला समांतर धर. आधी पूर्ण कात्रण घे, मग तेच जवळून तुकड्यातुकड्यांनी घे, आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याच्या दोन-तीन ओळी पुन्हा येऊ देत. मागच्या बाजूचाही एक फोटो हवा, त्याचं कारण पुढे येईल. फोटो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. साध्या फोटोसारखा पाठवला तर तो दाबला जातो, आणि त्यात सगळ्यात आधी जातात ते रेफ आणि अनुस्वार.

आता सरावाला एक कात्रण घेऊ. बातमी मी तुझ्यासाठी रचली आहे, पण पावसाळ्यात सातारा-कराडकडच्या अंकांत अशी बातमी नेहमी असते. धरणाची क्षमता आणि पायथा वीजगृहाचा विसर्ग एवढे आकडे खरे आहेत, बाकीचे सरावापुरते.

मथळा असा : ‘कोयनेतून २१,१०० क्युसेक विसर्ग’. खाली बारीक टाइपात : ‘पाटण, ता. ५ : पाणलोट क्षेत्रात पावसाचा जोर कायम असल्याने कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे आज सकाळी अकरा वाजता तीन फुटांनी उचलण्यात आले. दरवाजांतून १९,००० व पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक पाणी नदीपात्रात सोडले जात आहे. १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या या धरणात ८४.२० टीएमसी (८० टक्के) पाणीसाठा झाला आहे. हेळवाक व परिसरातील सत्तर कुटुंबांतील ३१२ जणांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले.’

कात्रण मधोमध दुमडलेलं होतं असं समज. घडी नेमकी १९,००० च्या ओळीवरून गेली आहे आणि ‘सत्तर’वर शाई पसरली आहे.

मथळ्यापासून सुरुवात कर. तो शब्दशः उतरव, स्वतःच्या शब्दांत सांगू नकोस. त्यातलं शुद्धलेखन चुकलं असेल तरी ते तसंच राहू दे, प्रश्नचिन्ह किंवा एकेरी अवतरणचिन्ह असेल तर तेही ठेव. संपादकाने एखादा शब्द अवतरणात टाकला असेल तर तो दुसऱ्याचा दावा म्हणून छापलेला असतो. चिन्ह गाळलंस की तो दावा वर्तमानपत्राच्या तोंडी जातो. मथळ्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. बारीक मजकुरातले बरेच शब्द मथळ्यात आणि उपमथळ्यात मोठ्या टाइपात आलेले असतात. इथे ‘विसर्ग’ आणि ‘क्युसेक’ मोठे छापले आहेत, त्यामुळे खाली ‘क्युसेक’मधला ‘क्यु’ पुसट दिसला तरी शंका उरत नाही. मोठ्या बातमीत मजकुरातही तोच शब्द चार ठिकाणी येतो, त्यातला एखादा स्वच्छ उमटलेला असतो. पुसट अक्षरासमोर बसून राहण्याऐवजी त्याचं स्वच्छ भावंड त्याच कात्रणात शोधावं.

मग तारखेची ओळ. ‘पाटण, ता. ५’ यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही लोकांच्या ध्यानात येत नाहीत. पाटण हे बातमी जिथून पाठवली ते ठिकाण. धरण कोयनानगरला आहे. गोषवाऱ्यात ‘पाटण येथे दरवाजे उचलले’ असं लिहिलंस तर ते चूक. दुसरं, ५ ही बातमी पाठवल्याची तारीख आहे, अंक बहुधा ६ तारखेचा असणार. मजकुरातला ‘आज’ या ओळीला बांधलेला असतो, अंकाच्या तारखेला नाही. म्हणून गोषवाऱ्यात ‘आज’, ‘काल’, ‘सोमवारी’ यांतलं काही ठेवू नकोस, तिथे तारीख घाल. तारखेची ओळ नसेल, नुसतं ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ असेल, तर ‘आज’ कोणता ते अंकाच्या तारखेशी ताडून बघावं लागतं, आणि तेही ठरत नसेल तर तसं नोंदवावं.

महिना आणि वर्ष या ओळीत नसतात. ते पानाच्या अगदी वरच्या पट्टीत असतात, आणि कात्रण कापणारा नेमकी तीच पट्टी कापून टाकतो. पुढे स्वतः कात्रणं कापशील तेव्हा आधी सबंध पानाचा फोटो घे. जुन्या कात्रणांना मात्र मागची बाजू कामाला येते. मागे एखादी निविदा, न्यायालयाची नोटीस, सिनेमाची जाहिरात निघते आणि तिच्यात तारीख सापडते. समासात कुणी पेनाने तारीख लिहिलेली असेल तर ती ‘हाताने लिहिलेली’ म्हणून वेगळी नोंदव. ती अंकाची असेल किंवा कापल्या दिवसाची, कागद ते सांगत नाही. यातलं काहीच मिळालं नाही तर ‘ता. ५, महिना व वर्ष कात्रणात नाही’ असं सरळ लिही.

तारखेला मी एवढं का धरून बसतो ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ता. ३० ची बातमी १ ऑक्टोबरच्या अंकात आली, आणि मृतांचा आकडा त्यानंतर अनेक दिवस वाढत गेला. त्या आठवड्यातली तीन कात्रणं तीन वेगळे आकडे सांगतील आणि तिन्ही आपापल्या दिवशी बरोबर असतील. तारखेविना लिहिलेला आकडा मात्र पुढच्या वाचकाला निव्वळ विसंगत वाटेल. आपत्तीच्या बातमीत ‘आतापर्यंत’, ‘किमान’, ‘सुमारे’, ‘भीती’ हे शब्दही आकड्याबरोबरच उतरवायचे.

आता जोडाक्षरं. सगळ्यांची यादी करत बसत नाही, जिथे अर्थ खरोखर फिरतो तेवढीच ठिकाणं सांगतो.

अनुस्वार हे काही जोडाक्षर नव्हे, पण बारीक टाइपात सगळ्यात जास्त घोटाळा तोच करतो. ‘शेतकऱ्याचा मृत्यू’ आणि ‘शेतकऱ्यांचा मृत्यू’ यांत फरक एका टिंबाचा आहे, आणि त्या टिंबावर एक माणूस गेला की अनेक गेले ते ठरतं. क्रियापदही मदत करत नाही, कारण ‘मृत्यू झाला’ हे दोन्हीकडे तसंच राहतं. अशा वेळी मजकुरात संख्या शोध, किंवा ‘तो’ आणि ‘ते’ कुठे आलेत ते बघ. रेफ आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले, जसे ‘कर्मचाऱ्यांनी वर्षांपूर्वी’ मधल्या ‘र्षां’वर, तर शाईचा एकच ठिपका होतो. तो नेहमीच्या टिंबापेक्षा रुंद आणि वर वाकलेला दिसला तर तिथे दोघं आहेत असं समज.

टिंबावरून अनेकवचन धरण्याला एक अपवाद आहे आणि जुन्या कात्रणांसाठी तो फार महत्त्वाचा. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ‘गांवांत’, ‘नाहीं’, ‘केलें’ असंच छापत. आज आपण ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांमध्ये असं वाचतो. जुन्या अंकातलं ‘गांवांत’ एका गावाबद्दलही असू शकतं. तेव्हा कात्रण कोणत्या काळचं हे ठरल्याशिवाय टिंबावरून अनेकवचन काढू नकोस. नियम आल्या दिवसापासून सगळ्या छापखान्यांनी ते पाळले असंही नाही, म्हणून साठच्या दशकातल्या कात्रणांना थोडी सवलत ठेव.

दुसरं ठिकाण ‘द’च्या पोटातल्या जोडाक्षरांचं. द्ध, द्व, द्य, द्म, द्भ यांत दुसरं अक्षर ‘द’च्या खाली किंवा पोटात लहान होऊन बसतं, आणि बारीक टाइपात तिथे शाई भरते. मग ‘उद्भव’ आणि ‘उद्धव’, ‘पद्म’ आणि ‘पद्य’ सारखेच दिसू लागतात. फोटो मोठा करून उपयोग होतोच असं नाही, भरलेली शाई मोठी होऊन भरलेलीच दिसते. तिथे बाहेरची कड बघावी. ‘द्य’ला उजवीकडे उभी रेघ खालपर्यंत उतरलेली असते, ‘द्व’ आणि ‘द्ध’चा फुगा खाली डावीकडे येतो. काही छापखान्यांत जोडाक्षराचा खिळा नसे, मग अक्षराचा पाय मोडून जुळवत, ‘उद्‌घाटन’ असं. बारीक छपाईत तो मोडलेला पाय ऱ्हस्व उकारासारखा दिसतो आणि ‘उदुघाटन’ वाचलं जातं. असा निरर्थक उकार दिसला की आधी पाय मोडलेला आहे का ते बघ.

तिसरं, र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. रेफ डोक्यावर बसतो, अर्धा ‘ऱ’ ओळीतच य च्या डावीकडे आडवा चिकटतो. म्हणून पुसट शब्दात वर काही आहे का आणि य च्या आधी मधल्या उंचीवर काही आहे का, हे दोन वेगळे प्रश्न विचार. ‘प्र’, ‘ग्र’, ‘क्र’ मधली तिरकी रेघ पुसली तर ‘प्रती’चं ‘पती’ होतं, पण ते बहुधा वाक्यावरून उघडं पडतं, म्हणून त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती अक्षरी आकड्यांची. आपल्या कात्रणातला ‘सत्तर’ बघ. शाई ‘त्त’वर पसरली आहे. तो दुहेरी आहे की एकेरी ते कळत नाही, आणि एकेरी असेल तर शब्द ‘सतरा’ होण्याची शक्यता येते. सत्तर कुटुंबं की सतरा? नवखा माणूस त्या ‘त्त’कडेच डोळे फाडून बघत राहतो. उत्तर शेवटच्या अक्षरात आहे. ‘सतरा’ला शेवटी काना आहे, ‘सत्तर’ला नाही. इथे र नंतर उभी रेघ नाही, म्हणजे शब्द सत्तर. आता बातमीतल्या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघ : ३१२ माणसं सत्तर कुटुंबांत वाटली तर कुटुंबामागे साधारण साडेचार येतात, सतरांत वाटली तर अठरा. हिशेब अक्षराच्या बाजूने बोलतो. क्रम मात्र हाच ठेव, आधी अक्षर आणि मग हिशेब. नुसत्या हिशेबावरून अक्षर ठरवायचं नाही.

‘सव्वा’ आणि ‘पावणे’ हेही असेच बारीक शब्द. ‘सव्वादोन लाख’ म्हणजे २,२५,०००, ‘पावणेदोन लाख’ म्हणजे १,७५,०००. पहिला अर्धा शब्द घडीत गेला तर पन्नास हजारांचा फरक पडतो. गोषवाऱ्यात असे आकडे अंकांत उतरव, पण पहिल्या उताऱ्यात मूळ शब्द राहू दे, म्हणजे मागाहून पडताळता येईल.

अंकांत मुख्य जोडी १ आणि ९ ची. दोघांचंही डोकं गोल आणि खाली शेपूट. शेपूट कुठे वळतं त्यावर फरक कळतो, आणि घडीवर शेपूटच जातं. आपल्या कात्रणात दरवाजांचा विसर्ग ११,००० दिसतो की १९,०००, हे नुसतं पाहून सांगता येणार नाही. पण बातमीनेच तीन आकडे दिले आहेत. मथळ्यातला एकूण विसर्ग २१,१००, त्यातून पायथा वीजगृहाचे २,१०० वजा केले की १९,००० उरतात. पाणीसाठ्यालाही अशीच कसोटी आहे. ८४.२० मधला ४ जरा तुटका आहे, तो ५ तर नसेल ना? १०५.२५ चे ८० टक्के म्हणजे बरोबर ८४.२०. ८५.२० असता तर टक्केवारी ८१ च्या घरात गेली असती. बातमीदार टक्केवारीचा पूर्णांक करून टाकतात, त्यामुळे ही कसोटी बेरजेइतकी पक्की नाही, पण इथे ती पुरेशी आहे.

बारीक टाइपात स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह एकसारखे दिसतात. त्याच्या उजवीकडे किती अंक आहेत ते मोज. तीन असले तर बहुधा हजाराचा स्वल्पविराम, दोन असून आकडा तिथेच संपला तर दशांशचिन्ह. आणि आकड्यापासून त्याचं माप तोडू नकोस. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं तो वेग, टीएमसी म्हणजे साठलेलं पाणी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ‘धरणात २१,१०० क्युसेक साठा’ असं वाक्य मी छापलेलंही पाहिलं आहे. ते निरर्थक आहे. ताडून बघायचं तर एवढं लक्षात ठेव, की साडेअकरा हजारांच्या आसपास क्युसेक विसर्ग पूर्ण दिवस चालला तर एक टीएमसी पाणी जातं.

कधी मथळ्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळतच नाहीत, आणि दोन्ही अक्षरं स्वच्छ असतात. तेव्हा तो बातमीतलाच फरक असतो. न्यायनिवाडा तू करायचा नाहीस. दोन्ही आकडे दे आणि ‘मथळ्यात’, ‘मजकुरात’ असं नोंदव.

नावांना कसोटी जवळजवळ नाही. म आणि भ, घ आणि ध, थ आणि य यांच्या डोक्यावरची रेघ कुठे तुटते एवढाच फरक असतो, त्यामुळे ‘मोरे’ आणि ‘भोरे’ किंवा ‘घाटगे’ आणि ‘धाटगे’ पुसट कागदावर एकच. हेळवाकमधला ळ पुसला तर ‘हेलवाक’ वाटेल. गावाचं नाव तालुक्याच्या गावांच्या यादीत सापडतं, तिथे पाहून नक्की कर. माणसाच्या नावाला अशी यादी नसते. छायाचित्राखालच्या ओळीत किंवा मजकुरात दुसरीकडे ते पुन्हा आलं असेल तर ठीक, नाहीतर जेवढं दिसतं तेवढंच लिहून पुढे चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ लिही. ओळखीचं आडनाव बसवून टाकण्याचा मोह होतो. पण मृतांच्या, आरोपींच्या किंवा लाभार्थींच्या यादीत चुकीचं नाव गेलं की ते दुसऱ्याच एखाद्या घरावर जाऊन बसतं.

एवढं उतरवून झालं की गोषवारा अवघड राहत नाही. या कात्रणाचा मी असा लिहीन :

‘कोयनेतून २१,१०० क्युसेक विसर्ग. पाटण, ता. ५ (ऑगस्ट, अंक ६ ऑगस्टचा, वर्ष कात्रणात नाही). पाणलोट क्षेत्रातील पावसामुळे कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे ५ ऑगस्टला सकाळी ११ वाजता तीन फूट उचलले. दरवाजांतून १९,००० [घडीवर, बेरजेवरून] आणि पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक पाणी नदीत सोडले जात होते. साठा ८४.२० टीएमसी, क्षमतेच्या (१०५.२५ टीएमसी) ८० टक्के. हेळवाक व परिसरातील सत्तर कुटुंबांतील ३१२ जणांना हलवले.’

यात ‘ऑगस्ट’ मी वरच्या पट्टीचा उरलेला तुकडा मिळाला असं धरून घातला आहे. तो नसता तर महिनाही कंसात ‘नाही’ म्हणूनच गेला असता. ‘घडीवर, बेरजेवरून’ हे शब्द लांबी वाढवतात म्हणून गाळू नकोस. पुढे कुणाला दुसरी स्वच्छ प्रत मिळाली तर त्याला नेमकं काय तपासायचं ते त्यातून कळेल. पावसाचा जोर, इशारे, अधिकाऱ्यांची आवाहनं यांतलं काय ठेवायचं ते तुझ्या वाचनालयाच्या गरजेवर ठरव, त्यात माझा आग्रह नाही.

शेवटची तपासणी एकटीने करू नकोस. छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर डोळा ठेवायचा. तसंच तुझ्या आईला किंवा वाचनालयातल्या कुणाला गोषवाऱ्यातले आकडे सुटेसुटे वाचायला सांग, ‘एक नऊ स्वल्पविराम शून्य शून्य शून्य’ असे, आणि तू फोटोवर नजर ठेव. ‘एकोणीस हजार’ असं सलग वाचलं की कान होकार देतो आणि डोळा बघायचं सोडतो. दिवसाला दहा कात्रणांपेक्षा जास्त घेऊ नकोस, आणि ज्या फोटोत शंका राहिली त्याचं मूळ कात्रण फायलीत परत लावण्याआधी खिडकीपाशी नेऊन एकदा भिंगाने बघ.